अभ्यासिका लावताना: गुरुवारी जाऊन बघा

“पुण्यात एमपीएससीसाठी अभ्यासिका लावायचीय. महिन्याची फी भरण्याआधी नेमकं काय बघू?”

शक्यतो गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास जा. पुण्यात वीजदुरुस्तीचं काम बहुधा गुरुवारी निघतं. लाइट गेली की दिवे-पंखे इन्व्हर्टरवर चालू राहतात, पण वाय-फाय पडतं, कारण राउटर किंवा त्याच्या शेजारचा फायबरचा डबा साध्याच बोर्डवर लावलेला असतो. दोन्हीचे प्लग कुठे आहेत ते दाखवायला सांगा. एसी तर इन्व्हर्टरवर चालत नाहीच, त्यामुळे खिडकी उघडते का तेही बघा.

अकराची वेळ अशासाठी की तेव्हा हॉल भरलेला असतो. सकाळी सात वाजता कुठलंही नेट पळतं. स्पीड दोनदा मोजा, एकदा राउटरजवळ आणि एकदा आपल्याला मिळणाऱ्या जागेवर. राउटरपाशी भरपूर आणि जागेवर रडत असेल, तर दोष भिंतींचा आणि अंतराचा. जागा बदलून भागेल. दोन्हीकडे रडत असेल, तर घरगुती राउटरवर पन्नास-साठ मोबाईल चढलेत किंवा लाइनच अपुरी आहे. मग जागा बदलून काही होत नाही.

आवाजाबाबत ‘पिन ड्रॉप सायलेन्स’च्या पाटीवर जाऊ नका. पंख्याच्या एकसुरी घरघरीत बारीकसारीक आवाज बुडून जातात. एसी हॉलमध्ये कॉम्प्रेसर थांबला की शेजाऱ्याच्या पेनाची टिकटिकसुद्धा कानात शिरते. खरा त्रास खुर्च्यांचा. पायांना रबरी बूच नसतील तर उठणारा प्रत्येक जण फरशीवर कर्रकन खुर्ची ओढतो. दाराजवळची आणि जिन्याला लागून असलेली जागा नकोच, चहाला निघालेल्यांची चर्चा तिथेच रंगते.

जागेवर दहा मिनिटं बसा. पुस्तक आणि वही शेजारी शेजारी उघडी मावायला टेबल निदान अडीच फूट रुंद हवं. लिहिताना हाताची सावली कागदावर पडते का बघा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा.

फी महिन्यावर नाही, तासावर मोजा. समजा, एकीकडे राखीव जागा 1500 रुपयांना आहे. रोज दहा तास, महिन्याचे 26 दिवस बसलात तर 260 तास, म्हणजे तासाला पावणेसहा रुपये. दुसरीकडे 1100 रुपयांत ‘येईल त्याला जागा’, पण नऊनंतर पोचलात तर खुर्ची मिळत नाही आणि जेवून आलात की गेलेली असते. हातात सहाच तास पडले, तर 156 तासांना सात रुपयांच्या वर दर बसतो. स्वस्त कुठली ते उघड आहे. मात्र तुम्ही पहाटे सहाला पोचणारे आणि डबा जागेवरच ठेवून खाणारे असाल, तर 1100 वालीच घ्या.

‘24 तास’ लिहिलेलं असलं तरी रात्री किल्ली कोणाकडे असते ते विचारा. डिपॉझिटच्या पावतीवर सोडण्याआधी किती दिवस सांगायचं आणि पैसे कधी परत मिळणार, हे दोन्ही लिहून घ्या. तोंडी ‘देऊ की’ला अर्थ नाही.