पगार ‘वाचला’ आणि एनपीव्ही उणे झाली

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये जुना लेथ काढून सीएनसी घ्यायचा होता. ऑर्डरवर सही करण्याआधी एनपीव्हीचा हिशेब बघायला मला बोलावलं होतं. एनपीव्ही म्हणजे पुढच्या वर्षांत येणाऱ्या रकमांचं आजचं मूल्य, त्यातून आजचा खर्च वजा; उत्तर अधिक आलं तर खरेदी परवडते, उणे आलं तर नाही.

नवं मशीन जीएसटी सोडून १८ लाखांचं. जीएसटीचं क्रेडिट मिळणार होतं, म्हणून तो खर्चात धरला नाही. जुना लेथ आज दीड लाखाला जात होता, म्हणजे खिशातून जाणार १६.५० लाख. वार्षिक बचत ४.८० लाख मांडली होती: एका ऑपरेटरचा पगार २.१६ लाख, रिजेक्शन १.४४ लाख, दुरुस्ती आणि वीज १.२० लाख. पाच वर्षांनी मशीन विकून ३ लाख येतील असा अंदाज. पुढच्या रकमा आजच्या मूल्यात आणायचा दर वर्षाला १२ टक्के, सगळं आयकराआधीचं.

शीटमध्ये आजचा खर्चही NPV सूत्राच्या कंसात होता. एक्सेल कंसातली पहिली रक्कम एका वर्षानंतरची धरतं, त्यामुळे उत्तर २.२४ लाख दिसत होतं. आजची रक्कम बाहेर ठेवावी लागते:

```
=NPV(12%,B3:B7)+B2
```

B2 मध्ये -1650000, आणि B7 मध्ये पाचव्या वर्षाची बचत अधिक विक्रीची किंमत. आता २.५१ लाख आले. उत्तर सुधारलं, पण मशीन घ्यायचा निर्णय तोच राहिला. खरी अडचण पगाराच्या ओळीत होती.

“हा ऑपरेटर कामावरून जाणार?” मी विचारलं.

मालक म्हणाले, “त्याला काय काढत नाही ओ, मिलिंगवर घालतो.”

मग त्याचा पगार चालूच राहणार. एनपीव्हीत फक्त रोकड मोजायची. मिलिंगचं काही काम बाहेर जॉबवर्कला जात होतं, ते आत आल्यावर महिन्याला ९ हजार, वर्षाला १.०८ लाख खरोखर वाचणार होते. पगाराच्या जागी तेवढेच धरले आणि बचत ३.७२ लाखांवर आली. पाच वर्षांचा गुणक ३.६०४८, म्हणून तिचं आजचं मूल्य १३.४१ लाख. शेवटच्या ३ लाखांचं मूल्य ०.५६७४ ने गुणून १.७० लाख. बेरीज १५.११ लाख, म्हणजे एनपीव्ही उणे १.३९ लाख.

“पाच वर्षांनी विकताना जास्त येतील की,” मालक म्हणाले. तेही करून बघितलं. तूट नुसत्या विक्रीतून भरायची तर ३ लाखांऐवजी जवळजवळ साडेपाच लाख यायला हवेत, कारण त्या वर्षीचा रुपया आज ५७ पैशांचाच. पाच वर्षं राबलेल्या मशीनला एवढी किंमत गृहीत धरणं मला धोक्याचं वाटलं. उलट वार्षिक बचत ४.११ लाखांवर गेली तरी हिशेब जुळत होता, म्हणजे वर्षाला साधारण ३९ हजारच कमी पडत होते.

त्यामुळे ऑर्डर थांबवली. विक्रेत्याकडे १.४० लाख कमी करून मागितले, आणि बाहेर जाणाऱ्या आणखी कोणत्या जॉबचं काम आत घेता येईल, त्याची बिलं काढायला बसलो.