२३ दिवस तोंड बंद ठेवून मिळालेली बढती

मुलाखत, निवड, पगाराची बोलणी हे सगळं दहा दिवसांत आटोपलं. राग आहे तो त्यापुढच्या २३ दिवसांवर. 'तुमची निवड झाली आहे, पण मेल जाईपर्यंत टीममध्ये कोणाला बोलू नका,' असं एचआरने सांगितलं आणि तो मेल काही निघेना. आधी कुणाची तरी सही राहिली होती, मग सिस्टीममध्ये पद तयार व्हायचं होतं, मग तिमाही संपू दे म्हणाले. मी रोज सकाळी विचारायचे आणि रोज 'या आठवड्यात होऊन जाईल' हेच ऐकायचे.

बाहेरून बघणाऱ्याला यात अडचण काय ते कळणार नाही. अडचण अशी की आमची सात जणांची टीम, सगळे एकाच पातळीवरचे, आणि त्या २३ दिवसांत ते माझ्याशी सहकारी म्हणूनच बोलत होते. मी मात्र मनातून त्यांची मॅनेजर झालेले होते. जुने मॅनेजर दुसऱ्या विभागात गेले होते, रजेचे अर्ज अजून त्यांच्याकडेच जाऊन पडत होते, आणि 'नवीन कोण येणार' हा एकच विषय दिवसभर चालायचा. मी त्यात अंदाज बांधायचं नाटक करायचे. आठवलं की अजून लाज वाटते.

बाराव्या की तेराव्या दिवशी माझी मैत्रीण मला जिन्यात घेऊन गेली. आम्ही चार वर्षं शेजारी-शेजारी बसायचो. म्हणाली, 'कोणाला सांगू नकोस, मी बाहेर नोकरी बघतेय. गुरुवारी मुलाखत आहे, बरं नाही म्हणून रजा टाकणार आहे.' मी 'बरं, शुभेच्छा' म्हणाले. दुसरं काय म्हणणार? खरं सांगितलं तर एचआरचा शब्द मोडतो, आणि गप्प बसलं तर जे मॅनेजरच्या कानावर कधीच जायला नको ते तिच्याकडून ऐकून घेतल्यासारखं होतं. मी गप्प बसले.

मेल आला तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं. ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मग टेबलापाशी येऊन एवढंच विचारलं, 'त्या दिवशी जिन्यात तुला माहीत होतं?'

होतं, असं मी म्हणाले. कारणंही सांगितली, पण त्यांना तेव्हा काही किंमत नव्हती.

आता विचार करते तेव्हा वाटतं, तिला पहिल्याच वाक्यावर थांबवायला हवं होतं. 'थांब, हे आत्ता मला नको सांगूस, कारण नंतर सांगेन,' एवढ्यानेही भागलं असतं. तिला संशय आला असता, कदाचित तिने ओळखलंही असतं. तरी ते परवडलं असतं. आणि होकार देण्याआधीच मी एचआरकडून मेलची तारीख लिहून घ्यायला हवी होती. होकार दिल्यावर आपल्या हातात काही राहत नाही, कारण त्यांना घाई नसते. आठवडाभराच्या वर वेळ लागणार असेल तर निदान ज्यांनी त्याच जागेसाठी अर्ज केला होता त्यांना तरी आधी सांगा, असा हट्ट धरावा. आमच्यात एक ज्येष्ठ सहकारी होते, त्यांनीही अर्ज केला होता. आपली निवड झाली नाही हे त्यांना सगळ्यांबरोबर त्याच मेलमधून कळलं. हे काम माझं नव्हतं, निवड करणाऱ्यांचं होतं. पण त्याचा ताप मला झाला.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येकाशी अर्धा-अर्धा तास वेगळं बोलले. सुरुवात त्या ज्येष्ठांपासून केली, कारण तेच टाळावंसं वाटत होतं. 'तुम्हीही अर्ज केला होता हे मला माहीत आहे. वाईट वाटलं असेल तर ते लपवू नका,' एवढं बोलून मी थांबले. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले, मग कामाचं बोलले. त्यांना मी पूर्वीपासून 'तुम्ही' म्हणायचे, तेच चालू ठेवलं. उलट कालपर्यंत मला 'तू' म्हणणारे दोघं एकदम 'मॅडम'वर आले होते. ते मी हसण्यावारी नेलं नाही. 'तू'च म्हणा, असं स्पष्ट सांगितलं. एक चूक मात्र सगळ्यांपाशी केली. 'काही बदललेलं नाही, मी आधीसारखीच आहे,' असं म्हणून बसले. तीन आठवड्यांनी त्यातल्याच एकाची रजा नाकारावी लागली, तेव्हा त्याने हेच वाक्य मला ऐकवलं.

मैत्रिणीपाशी मात्र नेमकं बोलले. 'जिन्यातलं मी मैत्रीण म्हणून ऐकलं, ते कुठे लिहिलेलं नाही आणि वर सांगणार नाही. पण यापुढे मला सांगशील ते मॅनेजरला सांगतेयस असं धर.' बोलायला सोपं होतं. पुढच्याच महिन्यात एक सहा महिन्यांचं काम द्यायचं होतं आणि त्याला तीच योग्य होती. मी टाळत होते, कारण ती निघून जाईल असं डोक्यात होतं. म्हणजे जे वापरणार नाही म्हणाले तेच वापरत होते. शेवटी काम तिच्यापुढे ठेवलं आणि सगळ्यांना विचारते तोच प्रश्न तिलाही विचारला, 'पूर्ण वेळ देता येईल का?' तिने दोन दिवस मागितले आणि हो म्हणाली.

पक्षपात कसा दिसतो याची माझी कल्पना चुकीची होती, हे मला शनिवार-रविवारच्या ड्युटीच्या यादीने दाखवलं. मी मॅनेजर झाल्यावर पाळ्या सहा जणांत आल्या. तीन महिन्यांच्या १२ आठवड्यांत प्रत्येकाला दोन यायला हव्यात. सहज मोजल्या तर मैत्रिणीच्या चार भरल्या होत्या, ज्येष्ठांची एकही नव्हती, बाकी चौघांच्या दोन-दोन. मी कोणाला झुकतं माप देत नाही अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात आयत्या वेळी माणूस लागला की मी तिलाच फोन करत होते, कारण ती नाही म्हणणार नाही हे माहीत होतं. आणि ज्येष्ठांना विचारायचा धीर होत नव्हता. मैत्रीचा तोटा तिला, माझ्या संकोचाचा फायदा त्यांना.

तेव्हापासून यादी क्रमाने लावते, सगळ्यांना दिसेल अशी ठेवते, आणि आकडेही खाली लिहिते. अदलाबदल करायची तर दोघांनी आपसात ठरवून यादीत लिहायची, माझ्याकडून कोणाला फोन जाणार नाही. पहिल्या फेरीत ज्येष्ठांचं नाव सगळ्यात वर आलं. मी आदल्या दिवशी उगाच धास्तावले होते. त्यांनी यादी वाचली आणि 'बरं' म्हणाले.

हो, आणि जुन्या ग्रुपमधून स्वतःहून बाहेर पडा. मी पडले नव्हते. दोन आठवड्यांनी तिथे नुसते सुट्टीच्या शुभेच्छांचे मेसेज उरले, तेव्हा कळलं की माझ्याशिवायचा दुसरा ग्रुप झालाय. माझ्याबद्दल कुरकुरायला त्यांना जागा हवीच होती, ती मीच अडवून बसले होते.

परवा एकजण आजारी पडला आणि सवयीने मी मैत्रिणीच्या टेबलाशी गेले. मी तोंड उघडायच्या आधीच तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. 'यादी बघ. माझी पाळी नाही.'