पंचवीसचं तीस: तुम्ही विचारलंत म्हणून

"सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओचं तीस करायचंय ना? दर पाच फ्रेमला एक डबल केली की झालं की! त्याला दोन दिवस कशाला लागतात?"

होतं की. मुलाखत असेल, कॅमेरा ट्रायपॉडवर असेल, मागे भिंत असेल, तर मीही तेच करतो, अर्ध्या मिनिटात:

```
ffmpeg -i in.mp4 -vf fps=30 out.mp4
```

पण रंकाळ्याच्या काठावरून कॅमेरा सावकाश फिरवलेला शॉट, म्हणजे पॅन, घ्या. समजा, मूळ चित्र दर फ्रेमला १२ पिक्सेल सरकतं. तीसला ते दर फ्रेमला १० सरकायला हवं. डबल केल्यावर पाच वेळा १२ सरकतं आणि सहाव्यांदा जागीच थांबतं. सेकंदाला पाच हिसके. नजर काठाबरोबर चाललेली असते, म्हणूनच ते टोचतात. बोलणाऱ्या माणसावर नजर स्थिर असते, तिथे कुणाला कळतही नाही.

हे कळल्यावर मी शहाणा झालो, आणि तिथेच फसलो. पेठेतल्या एका आखाड्याचा मर्दानी खेळ शूट केला होता. अमेरिकेतल्या मंडळाला तो तीसमध्येच हवा होता. मी सगळ्या टाइमलाइनला Optical Flow लावला, म्हणजे हालचाल ओळखून मधल्या फ्रेम सॉफ्टवेअरने बनवायच्या, आणि झोपलो. सकाळी वस्ताद बघायला आले. पॅन लोण्यासारखे. मग लाठी फिरायला लागली. वस्ताद पुढे वाकले आणि म्हणाले, "लाठी मधी मोडली कशी रं?" मोडली नव्हती, वितळली होती, एक टोक पोराच्या कोपरात मिसळलेलं, मागच्या भिंतीला लाटा. लाठी सेकंदाला तीन फेऱ्या घेत असेल तर एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत ती ४३ अंश फिरते. एवढ्या अंतरातून ती कुठून गेली हे सॉफ्टवेअरला कळत नाही, ते आपलं अंदाज ठोकतं.

तेव्हा लक्षात न आलेली गोष्ट अशी: तीसच्या सहा फ्रेमपैकी एकाचीच वेळ मूळ फ्रेमशी जुळते. उरलेल्या पाच Optical Flow ने बनवलेल्या असतात. डबल करण्यात बनावट काहीच नसतं. पुढे कुणी हुशार निघाला तर ffmpeg मध्ये `decimate=cycle=6` लावून पुन्हा पंचवीसही करू शकतो.

म्हणून आता शॉटगणिक ठरवतो. पॅनला Optical Flow, लाठीला Nearest, म्हणजे जवळची फ्रेम तशीच डबल. लाठी इतकी झपाट्याने फिरते की नजर तिच्यामागे धावतच नाही, म्हणून डबल फ्रेम खपून जाते. मधल्या काळात दोन फ्रेम एकमेकींत मिसळणाऱ्या Frame Blend वर भिस्त होती, पण त्यात दोन धूसर लाठ्या दिसतात. वस्तादांना तेही चाललं नसतं.

आणि हो, फाईल ५०आय असेल, म्हणजे तिच्यात सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं असतील, तर आधी तिच्यातून सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रं काढून घ्यावीत. मग अंदाजाचं अंतर निम्मं होतं.

त्याच व्हिडिओत एक शॉट आहे, कॅमेरा फिरतोय आणि लाठीही फिरतेय. तो मी तीनदा बदललाय. सध्या हिसक्यांसकट ठेवलाय.