बावीस पानं कंपनीची, दोन पानं माझी

एमबीएच्या पहिल्या वर्षानंतरची माझी आठ आठवड्यांची इंटर्नशिप पुण्यात एका मसाल्याच्या कंपनीत झाली. काम सोपं होतं: सिंहगड रोडच्या बाजूची किराणा दुकानं फिरायची, आपला माल आहे का बघायचं, नसेल तर का नाही ते विचारायचं आणि रोज संध्याकाळी एक्सेलमध्ये भरायचं. रिपोर्ट लिहायला बसले तेव्हा मात्र मी कंपनीचा इतिहास, उत्पादनांची यादी, स्वॉट असं करत बावीस पानं भरली. स्वतःच्या कामाला दोन पानं आली. गाइड मॅडमनी मसुदा चाळला आणि म्हणाल्या, "ही बावीस पानं इंटर्नशिप न करताही लिहिता आली असती. तुझी शीट दाखव."

शीटमध्ये ११२ दुकानं होती. यादी १२० ची होती, पण आठ ठिकाणी दुकान बंद तरी होतं किंवा मालक बोलायला तयार नव्हते. ११२ पैकी ६८ दुकानांत माल होता, म्हणून मी लिहिलं होतं, "६१ टक्के दुकानांत उत्पादन उपलब्ध" आणि खाली एक रंगीत पाय चार्ट. मॅडमनी विचारलं, "कुठल्या दुकानांत नाही?" मी शीट रस्त्यानुसार लावली. मुख्य रस्त्यावरच्या ६० पैकी ४८ दुकानांत माल होता, म्हणजे ८० टक्के. आतल्या गल्ल्यांतल्या ५२ पैकी फक्त २०, म्हणजे ३८ टक्के. पाय चार्टमध्ये हा फरक पार बुडून गेला होता. माल न ठेवणाऱ्या ४४ जणांपैकी १९ जणांनी "सेल्समन येतच नाही" असं सांगितलं होतं आणि त्यातले १७ गल्लीतले. म्हणजे निदान या १७ दुकानांची अडचण चवीची किंवा जाहिरातीची नव्हती, डिस्ट्रिब्युटरच्या फेरीची होती.

मग मी रिपोर्ट उलटा लिहिला. आधी हा टेबल आणि त्याखाली त्याचा अर्थ. त्यानंतर कामांचं प्रकरण, आणि तेही तारीखवार नाही. "सोमवारी अमुक दुकानं, मंगळवारी तमुक" हे डायरीत शोभतं, म्हणून डायरी परिशिष्टात गेली. प्रकरणात कामाचे तीनच गट ठेवले: दुकानभेटी, रॅकवरची मांडणी आणि स्कीमची माहिती देणं. प्रत्येक गटात काय केलं, किती केलं आणि त्यातून कुठला आकडा आला, एवढंच. उद्दिष्टं सगळ्यात शेवटी लिहिली, कारण जुन्या मसुद्यात मी "ग्राहक समाधानाचा अभ्यास" असं ठोकून दिलं होतं आणि आठ आठवड्यांत मी एकाही ग्राहकाशी बोलले नव्हते! मर्यादांमध्ये सरळ लिहिलं, की दुकानं मी पायी फिरता येतील अशी निवडली होती, त्यामुळे हे आकडे अख्ख्या पुण्याचे समजू नयेत. कंपनीतल्या सरांनी दुकानांची नावं आणि मार्जिनचे आकडे काढायला सांगितले. नावांच्या जागी क्रमांक टाकले. मार्जिनचा रकाना गेला, त्याने काही अडलं नाही.

खरी अडचण "शिकवण" आणि "आत्मचिंतन" या दोन प्रकरणांत आली. दोन्हीकडे मी एकच लिहिलं होतं: संवादकौशल्य सुधारलं, आत्मविश्वास वाढला. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षीच्या इंटर्नला उपयोगी पडेल ते शिकवणीत टाक. तुझ्याबद्दलचं आहे ते चिंतनात."

आता एक गोष्ट सांगावीच लागणार होती. पहिल्या आठवड्यात मी दुकानात शिरून विचारायचे, "काका, आमचा मसाला ठेवता का?" काका हसून "हो, ठेवतो की" म्हणायचे आणि मी "आहे" अशी खूण करायचे. चोविसाव्या दुकानात "हो" ऐकल्यावर सहज रॅककडे नजर गेली, तर तिथे पाकीट नव्हतं. आधीच्या २३ दुकानांत परत गेले. सहा ठिकाणी उत्तर बदललं. पहिल्या मसुद्यात मी हे गाळलं होतं, शीट आधीच दुरुस्त झाली होती ना. आता ते तीन जागी विभागून गेलं. पद्धतीच्या प्रकरणात: २३ दुकानांना दोनदा भेट दिली आणि दुसऱ्या भेटीची नोंद धरली. शिकवणीत: आधी रॅक बघा, मग विचारा, आणि प्रश्न "कुठला मसाला जास्त जातो?" असा मोकळा ठेवा. चिंतनात: पहिल्या आठवड्यात मला आकडा मोठा दिसायला हवा होता, म्हणून मी "हो" वर थांबत होते. हे एक वाक्य लिहायला अख्खी संध्याकाळ गेली.

कंपनीची बावीस पानं चारवर आली. स्वॉट काढून टाकलं, कोणाला आठवलंही नाही. व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी अनुक्रमणिका बघितली, थेट पद्धतीचं पान उघडलं आणि विचारलं, "ती सहा दुकानं गल्लीतली होती का?" चार गल्लीतली, दोन मुख्य रस्त्यावरची. शीट पाठ झाली होती, त्यामुळे उत्तर लगेच आलं.