वाढलेले सव्वा किलो

पितृपक्ष संपत आला होता आणि दादरच्या आमच्या दवाखान्यात त्या मंगळवारी सकाळी फारशी गर्दी नव्हती. डोंबिवलीहून येणाऱ्या, फोर्टमधल्या एका बँकेत काम करणाऱ्या त्रेचाळीस वर्षांच्या बाई ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीच येऊन बसल्या होत्या. आत आल्यावर त्यांनी आहाराची वही टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मॅडम, हे हळूहळू खाणे वाढवत नेण्याचे रिव्हर्स डाएट मला मानवत नाही. पंधरा दिवसांत जवळजवळ दोन किलो परत आले. मी कालपासून थेट हजार कॅलरींवर आले आहे."

त्यांनी दहा महिन्यांत ७९ किलोंवरून ६५ किलोंपर्यंत वजन उतरवले होते आणि ते शहाणपणाने उतरवले होते. आहारात प्रथिने पुरेशी होती, आठवड्यातून तीनदा वजनाचे व्यायाम होते आणि वहीत रोजची नोंद होती. मात्र शेवटच्या दोन महिन्यांत हातपाय गार पडणे, रात्री दोन-तीन वाजता जाग येणे, स्टेशनचा पूल चढताना पाय जड होणे आणि दिवसभर डोक्यात जेवणाचेच विचार येणे हे सारे सुरू झाले होते. पाळीही दहा-बारा दिवस पुढे जाऊ लागली होती. थायरॉईडची तपासणी करून घेतली, ती व्यवस्थित निघाली. याचा अर्थ एवढाच होता की गरजेपेक्षा कमी खाण्याची तूट फार काळ चालली होती आणि आता खाणे वाढवायला हवे होते.

किती वाढवायचे, हे वजन उतरण्याच्या वेगावरूनच काढता येते. दिवसाला १४०० कॅलरी खाऊन अखेरच्या महिन्यात त्यांचे वजन आठवड्याला साधारण ३०० ग्रॅमने उतरत होते. एक किलो चरबीमागे ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरल्या, तर ही तूट दिवसाला ३३० कॅलरींची ठरते. म्हणजे वजन स्थिर राखणारा आहार, ज्याला आम्ही मेंटेनन्स म्हणतो, तो १७३०च्या आसपास असणार होता. कोणत्याही सूत्रापेक्षा मला हा आकडा अधिक विश्वासाचा वाटतो, कारण त्याच माणसाच्या शरीराने, त्याच नोंदीच्या सवयींसह, तो दिलेला असतो.

त्यांच्या जिमच्या प्रशिक्षकाने दर पंधरा दिवसांनी ५० कॅलरी वाढवा, असे सुचवले होते. मला ते पटले नाही. पन्नास कॅलरी म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा तेल. घरच्या स्वयंपाकात रोजच्या मोजमापात याहून मोठी तफावत पडते, त्यामुळे असे पाऊल टाकले काय आणि न टाकले काय, वजनावरून ते ओळखता येत नाही. शिवाय त्या गतीने १७३० गाठायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला असता, आणि तोवर पाळी पुढे ढकलणारी तूट चालूच राहिली असती. म्हणून अनंत चतुर्दशीनंतर पहिल्या आठवड्यात १५० आणि दुसऱ्या आठवड्यात आणखी १०० कॅलरी वाढवायच्या असे ठरवले. पहिली वाढ दुपारच्या डब्यात एक चपाती आणि भाजीत एक चमचा तेल अशी होती, दुसरी वाढ संध्याकाळच्या लोकलआधी एका केळ्याची. प्रथिने नव्वद ग्रॅमच ठेवली. वजन रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी घ्यायचे आणि सात दिवसांची सरासरी तेवढी खरी मानायची. कंबर आठवड्यातून एकदा बेंबीच्या रेषेत मोजायची, असेही ठरले होते.

आता वही समोर होती. आधीच्या आठवड्याची सरासरी ६५.१, पहिल्या आठवड्यानंतर ६५.६, दुसऱ्यानंतर ६६.३. "दोन किलो" हा आकडा रविवारच्या एकाच नोंदीतून आला होता, त्या दिवशी काटा ६६.९ दाखवत होता. शनिवारी नणंदेकडे श्राद्धाचे जेवण झाले होते, वडे, खीर, कढी, सारे काही. रविवारी काटा पाहून त्यांनी रात्रीचे जेवण सोडले, सोमवारी दिवसभर ताक आणि काकडीवर काढला, आणि रात्री अकराला स्वयंपाकघरात उभ्याने फरसाणाचा डबा निम्मा संपवला. ही शेवटची ओळ त्यांनी लिहून नंतर खोडली होती, पण ती वाचता येत होती.

मी कोरा कागद घेतला आणि त्यांच्याच हाताने हिशेब करायला लावला. बँकेतल्या माणसाला उपदेशापेक्षा ताळेबंद लवकर पटतो, असा माझा समज आहे. सरासरीत वाढलेले १.२ किलो जर चरबीचे असते, तर त्यासाठी गरजेपेक्षा ९२४० कॅलरी जास्त पोटात जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्यांनी पहिल्या आठवड्यात रोज १५० आणि दुसऱ्या आठवड्यात रोज २५०, अशा मिळून २८०० कॅलरी वाढवल्या होत्या. श्राद्धाच्या जेवणाचे सढळ हाताने आणखी हजार धरले तरी बेरीज ३८०० होत होती. आणि जुनी तूट तशीच चालू राहिली असती, तर याच दोन आठवड्यांत ती ४६२० कॅलरींची झाली असती. त्यांनी दोन्ही रकमा दोनदा वजा करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी अजून तुटीतच आहे?" होत्या, थोड्याशा का होईना.

मग हे सव्वा किलो आले कुठून? दीर्घकाळ कमी खाणाऱ्या माणसाच्या स्नायूंतला आणि यकृतातला साखरेचा, म्हणजे ग्लायकोजेनचा, साठा उतरलेला असतो. पिष्टमय पदार्थ वाढले की शरीर तो भरू लागते, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. अडीचशे ग्रॅम साठा भरला की काट्यावर एक किलो दिसतो, पण त्यात चरबी नसते. त्यावर कढी-वड्यांतल्या मिठाने धरलेले पाणी आणि आतड्यांतले जास्तीचे अन्न यांची भर पडते. वहीच्या मागच्या पानावर पाळीच्या तारखाही होत्या. त्यावरून पुढची पाळी चार-पाच दिवसांवर असावी, आणि त्या दिवसांत अनेकींचे वजन पाण्यामुळेच अर्धा-एक किलो वर सरकते. मी टेप काढून कंबर मोजली. वजन सर्वांत कमी असताना ती ७८ सेंटिमीटर होती आणि आताही ७८च भरली.

धोका वजनात नव्हता, तो त्या खोडलेल्या ओळीत होता. वजन उतरलेल्या शरीरात भूक आवरणारे लेप्टिन घटलेले आणि भूक वाढवणारे घ्रेलिन चढलेले असते. अशा वेळी हजार कॅलरींवर उतरले की दोन-तीन दिवसांत फरसाणाचा डबा निघतोच. अमेरिकेत १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून नंतर पुन्हा खाऊ घातले, तेव्हा बंधने उठल्यावर त्यांपैकी अनेक जण पोट तुडुंब भरले तरी खातच राहिले आणि त्यांची चरबी मूळ पातळीच्याही वर गेली. वजन झपाट्याने परत येते ते बहुधा याच वाटेने. ठरवून टाकलेल्या पायऱ्यांचा माझ्या मते खरा उपयोग इथे आहे. या पायऱ्यांनी चयापचय "पेटतो" असे जे सांगितले जाते, त्याला ठोस पुरावा मला आढळलेला नाही, आणि एखादा धीराचा माणूस एकदम अंदाजलेल्या मेंटेनन्सवर गेला तरी काही बिघडत नाही. पायऱ्या हव्यात त्या भेदरलेल्या माणसाला, वाढलेले ताट आणि वाढलेला काटा यांची सवय होण्यासाठी.

त्या दिवशी आम्ही कॅलरी कमीही केल्या नाहीत आणि वाढवल्याही नाहीत. १६५०वर दोन आठवडे थांबायचे ठरले. सोडलेल्या जेवणाची भरपाई करायची नाही आणि जास्त झालेल्या जेवणाची वसुलीही करायची नाही, एवढी एकच अट मी घातली. नवरात्रात त्यांची सरासरी ६६.० झाली, पुढे ६६.१. मग १७३०, दिवाळीत मुद्दाम थांबा, आणि दिवाळीनंतर १८००. वजन ६६.३वर स्थिर राहिले, झोप सुधारली, आणि फोनवरची पावले कुणी न सांगता वाढली. अंदाजापेक्षा मेंटेनन्स थोडे वर निघाले त्याचे कारण बहुधा हेच असावे. पुरेसे खाणारा माणूस नकळत जास्त हालचाल करतो. अर्थात ७९ किलोंच्या शरीराला लागणारा आहार ६६ किलोंच्या शरीराला पुन्हा लागणार नाही, हेही त्यांना सांगणे भाग होते.

मार्गशीर्षात १८८० केले, तेव्हा मात्र चित्र वेगळे दिसले. सरासरी तीन आठवडे सलग चढली: ६६.६, ६६.८, ६७.१. कंबरही दीड सेंटिमीटरने वाढली. पाण्याचे वजन पायरीनंतर उडी मारते आणि थांबते. हे थांबत नव्हते. चढण्याचा वेग दिवसाला सुमारे २८० कॅलरींचा अतिरेक सांगत होता आणि आमचे पाऊल तर केवळ ८०चे होते. म्हणजे दोनशे कॅलरी वहीबाहेर होत्या. वहीत दर गुरुवारी नुसते "उपवास" लिहिलेले होते. विचारल्यावर कळले की सकाळी शेंगदाण्याचे कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी, दुपारी बटाट्याचा वेफर आणि संध्याकाळी उपवास सोडताना पुरणपोळी असा तो दिवस होता. नेहमीपेक्षा ८०० कॅलरी तरी जास्त, म्हणजे आठवड्यावर वाटल्या तर रोजच्या ११५. उरलेला भाग तेलाचा निघाला: त्या महिन्यात स्वयंपाक सासूबाईंकडे होता आणि मोजायचा चमचा बाजूला पडून फोडणीला तेल बुधलीतून पडत होते. उपवास सोडायचा नव्हताच. खिचडीची एकच मध्यम वाटी घेऊन तिच्याबरोबर दही ठेवले, तेलाचा महिन्याचा डबा माणशी ठरवून दिला आणि आहार १८००वर परत आणला. तीन आठवड्यांत सरासरी ६६.६ झाली.

जानेवारीत पाळी पूर्वीसारखी तिसाव्या दिवसाच्या आगेमागे येऊ लागली. आता त्या रोज वजन करत नाहीत, आठवड्यातून तीन दिवस करतात. सरासरी ६५.५ ते ६७.५च्या दरम्यान असेल तर काही करायचे नाही. सलग दोन आठवडे वर गेली आणि कंबरही वाढली, तरच १०० कॅलरी कमी करायच्या, आणि त्याही आधी वहीत काय लिहिलेले नाही ते शोधायचे. मागच्या भेटीत त्यांनी आणखी चार किलो उतरवण्याची इच्छा सांगितली. याच आहारावर किमान तीन महिने वजन स्थिर राहिले तर उन्हाळ्यानंतर पाहू, असे मी त्यांना सांगितले आहे. त्यांना ते फारसे आवडलेले दिसले नाही.