भाद्रपद आणि सप्टेंबर

दुपारी एक ते चार अण्णांचं दुकान बंद असतं, म्हणजे शटर अर्ध्यावर असतं. ओळखीचा माणूस वाकून आत शिरतो. तुळशीबागेच्या अंगाला हे दुकान आहे. मखरं, गौरींचे मुखवटे, कंठ्या, शेले, कागदी आणि कापडी फुलांच्या माळा. वर्षभर पूजेच्या सामानावर भागवायचं आणि भाद्रपदात कमवायचं, असा एकूण धंदा.

त्या दिवशी खंडेनवमी होती. बिलं काढायच्या यंत्रावर झेंडूचं फूल आणि हळदकुंकू होतं. ते ज्याला वाहिलं त्यानंच सकाळी नऊला घात केला, असं अण्णांचं म्हणणं. मोबाइल हातभर लांब धरून ते बसले होते.

"हे वाच आणि मला सांग, मी वेडा झालोय का."

मी वाचलं. सप्टेंबर २०२५, एकूण विक्री २,१०,०००. मागील वर्षी याच महिन्यात ५,६०,०००. घट ६२.५ टक्के. शेजारी लाल बाण, खाली तोंड केलेला.

यंत्र दुकानात आलं त्याला दोन वर्षं होऊन गेली. पण दर महिन्याच्या एक तारखेला हिशेब आपोआप फोनवर यावा, ही सोय पुतण्यानं नुकतीच लावून दिली होती. त्यातला हा पहिला.

"अरे, यंदा गणपतीत मला डबा उघडायला उसंत नव्हती. दोन पोरं जादा ठेवली. बोहरी आळीपर्यंत रांग होती असं नाही म्हणत, पण पायरीवर माणसं उभी होती. आणि हा म्हणतो निम्म्याहून कमी!"

माझी आजी असती तर तिनं या कागदाकडे बघितलंही नसतं. तिच्या लेखी सप्टेंबर नावाची गोष्टच नव्हती. माझा जन्म, दादाचा टायफॉइड, वाड्याची भिंत पडली ती रात्र, सगळं तिथीनं. नागपंचमीच्या आदल्या दिवशी, नाहीतर तुळशीच्या लग्नानंतर. त्यामुळे माझे वाढदिवस दोन असायचे. तारखेच्या दिवशी आई श्रीखंड करायची आणि तिथीच्या दिवशी आजी औक्षण करायची. एखाद्या वर्षी दोन्हींत तीन आठवडे अंतर पडायचं. मला त्यात काही विचित्र वाटलं नाही. दोन्हीकडून काहीतरी मिळत होतं, तर विचारायचं कशाला?

अण्णांनाही बहुधा कधी विचारावं लागलं नसेल. त्यांच्या डोक्यातला चांगला महिना भाद्रपद होता आणि यंत्र सप्टेंबर मोजत होतं. २०२४ साली गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आली, म्हणजे खरेदीचे सगळ्यात गर्दीचे दिवस सप्टेंबरात पडले. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टची. गौरी आल्या ३१ ऑगस्टला. सप्टेंबर उजाडला तेव्हा मखरं विकून झाली होती. उरला तो पितृपक्ष, आणि शेवटी नवरात्र. पितृपक्षात सजावटीच्या दुकानात कोण फिरकतो? चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून सण दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतात आणि अधिकमास आला की उडी मारून पुन्हा पुढे जातात. हे आपल्याला ठाऊक असतं. यंत्राला कोणी सांगितलेलं नसतं.

"मग ऑगस्टचा बघा," मी म्हटलं.

पुतण्याला बोलावलं. त्यानं ऑगस्ट काढला. यंदा ६,८०,०००, गेल्या वर्षी ३,६०,०००. आता बाण हिरवा आणि वर. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की खटला जिंकला. पुतण्या मात्र थांबला नाही. त्यानं इंग्रजी महिने सोडून दिले आणि 'या तारखेपासून त्या तारखेपर्यंत' अशी विक्री मागितली. चतुर्थीच्या तीस दिवस आधीपासून गौरी आवाहनापर्यंत. म्हणजे यंदाचे २८ जुलै ते ३१ ऑगस्ट, गेल्या वर्षीचे ८ ऑगस्ट ते १० सप्टेंबर. यंदाचा एक दिवस जास्त निघतो, कारण गौरी एक दिवस उशिरा आल्या. तेवढं चालतं.

यंदा ७,००,०००. गेल्या वर्षी ७,२०,०००.

म्हणजे ६२.५ टक्क्यांची घट खोटी होती, पण अण्णांचा जोरदार गणपतीही तितकासा खरा नव्हता. वीस हजार कमीच. अण्णांना हे पहिल्या आकड्यापेक्षा जास्त लागलं. पहिला आकडा इतका वेडा होता की त्याला हसता येत होतं.

"गर्दी होती रे," ते म्हणाले. "गर्दी मी डोळ्यांनी बघितली."

गर्दी होतीच. ती यंत्रातही होती, फक्त दुसऱ्या पानावर. या दिवसांत यंदा २,००० बिलं फाटली, गेल्या वर्षी १,८००. भागाकार पुतण्यानं केला. गेल्या वर्षी एका बिलाला सरासरी ४०० रुपये, यंदा ३५०. माणसं वाढली आणि प्रत्येकानं थोडं कमी घेतलं. अण्णांना पायरीवरची माणसं आठवत होती, त्यांच्या पिशव्या आठवत नव्हत्या. कुणाला आठवतील? पिशवी आकारानं तेवढीच दिसते, आत मखर असो की चार माळा.

पुतण्यानं वस्तूंची यादी उघडली तेव्हा कमी काय झालं ते दिसलं. माळा वाढल्या होत्या, शेले वाढले होते, मुखवटे जवळजवळ तेवढेच. मखरं पडली होती. तीही सगळी नाहीत, घडीची.

अण्णा गप्प झाले. मग त्यांना एकदम हसू आलं.

गेल्या वर्षी त्यांनी घडीची मखरं पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणात भरली होती. पुठ्ठ्याची नव्हेत, लाकडी पट्ट्यांची आणि कापडाची. बिजागरीवर मिटतात, सपाट होऊन पलंगाखाली जातात. मी स्वतः त्यांना गिऱ्हाइकाला सांगताना ऐकलंय, "वहिनी, पाच वर्षं बघायला नको." गिऱ्हाइकानं ऐकलं. यंदा तीच माणसं आली, गप्पा मारल्या, मखर मस्त राहिलं म्हणाली आणि माळा घेऊन गेली. माणसं परत आली म्हणून दुकान भरलं, आणि मखर टिकलं म्हणून गल्ला भरला नाही.

अण्णांच्या वडिलांचा रोजमेळ मी पाहिलाय. लाल कापडी बांधणीची वही, पाडव्याला पूजा होऊन सुरू होणारी. डाव्या कडेला तिथी, उजव्या कडेला इंग्रजी तारीख, मधे जमा आणि नावे. दोन्ही लिहायला त्यांना वेगळा वेळ लागत नसणार. पुतण्याला विचारलं तर म्हणाला, सॉफ्टवेअरमध्ये तिथीचा रकाना नाही. मात्र दर वर्षीच्या चतुर्थीची तारीख हातानं घालून तुलना लावता येते. अण्णांनी लगेच घालायला लावली. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ ला. म्हणजे महिन्याचा हिशेब तसाच येत राहिला, तर पुढच्या ऑगस्टचा बाण लाल असणार आणि त्याच्या पुढच्या महिन्याचा हिरवा. अण्णांनी ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेननं लिहून ठेवलं. दिनदर्शिका यंदाचीच होती, डिसेंबरनंतर ती रद्दीत जाईल, हे मी बोललो नाही.

"घडीची मखरं आणू की नको पुढच्या वर्षी?" त्यांनी विचारलं. पुतण्याला नव्हे, मला.

मी काय सांगणार? माझ्या घरी त्यांचंच मखर आहे. बिजागरी अजून घट्ट आहे.