प्रत बदलून देऊ म्हणे!

तांत्रिक पुस्तकातल्या गोंधळाबद्दल प्रकाशकाला पत्र लिहिणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगून टाकते. पत्रात 'भाषा' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका. तो दिसला की समोरचा माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि उत्तर ठरलेलं असतं : 'मराठी प्रतिशब्दांबाबत मतभिन्नता असू शकते. आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' नोंद घेतली म्हणजे फाइल बंद.

माझं छोटं वर्कशॉप आहे. नवीन मुलांना लेथ, म्हणजे धातूचा दांडा फिरवत हत्याराने कापणारं मशिन, शिकवायला मराठीत पुस्तक असावं म्हणून एक विकत घेतलं. कागद चांगला, आकृत्या सुबक, किंमतही बेताची. पुस्तक मागवणं, बिल, घरपोच येणं यात सांगण्यासारखं काही नाही. खरी गंमत पुस्तक मशिनीशेजारी उघडल्यावर सुरू झाली.

मुलगा सराव करत होता. पान ६३ वर लिहिलं होतं : '४० मिमी व्यासाचा दांडा ३६ मिमी करण्यासाठी ४ मिमी काप द्यावा.' त्याने हत्यार आत घेणाऱ्या क्रॉस स्लाइडच्या हँडलवर हात ठेवला आणि विचारलं, "ताई, एकदम नाही, थोडं थोडं करून चार आत घेऊ ना?"

घेतलं असतं तर दांडा ३६ चा नाही, ३२ चा झाला असता. हत्यार एका बाजूने जितकं आत जातं त्याच्या दुप्पट व्यास कमी होतो, कारण जॉब, म्हणजे कापायचा दांडा, फिरत असतो आणि माल सगळीकडून निघतो. ४० चे ३६ करायचे तर हत्यार आत जायला हवं एकूण २ मिमी. बरं, काही मशिनींच्या डायलवर खुणा अशा आखलेल्या असतात की त्या थेट व्यासातली घट दाखवतात. तिथे ४ फिरवणं बरोबर. आमच्या मशिनीचा डायल हत्यार किती सरकलं ते दाखवतो, तिथे ४ फिरवणं म्हणजे माल भंगारात. तुमची मशिन कुठल्या जातीची हे कळायला साधी युक्ती आहे. हलका काप घेऊन व्हर्नियरने व्यास मोजा, मग डायलवर ०.५ पुढे घ्या, पुन्हा काप घेऊन मोजा. व्यास १ मिमीने उतरला तर डायल सरक दाखवतो, ०.५ ने उतरला तर व्यास. नवीन मुलाला हे पुस्तकाने सांगायला हवं, निदान उलटं तरी सांगू नये.

पण पुस्तकाला 'चुकीचं' म्हणायची सोय नव्हती. पान ६३ चा लेखक 'काप' म्हणजे व्यासातली एकूण घट असं धरून चालला होता. पान ४१ वर व्याख्या वेगळीच : हत्यार जॉबमध्ये जितकं आत शिरतं तो काप. आणि पान ५८ वर 'जॉबच्या एका फेऱ्यात काप ०.२ मिमी ठेवावा', म्हणजे तिथे काप म्हणजे फीड, हत्यार जॉबच्या लांबीच्या दिशेने किती सरकतं ते! तीन वेगळ्या गोष्टी, तिन्ही मिलिमीटरमध्ये, तिन्हींना नाव एकच. प्रत्येक पान एकटं वाचलं तर ठीक वाटतं. व्याख्या पाठ करून सराव करणारा गुणी मुलगाच नेमका फसणार.

शिवाय जॉबच्या दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या टेलस्टॉकला एका प्रकरणात टेलस्टॉक, दुसऱ्यात पुच्छाधार, तिसऱ्यात 'मागील टेकू'. पहिल्या पत्रात मी हे सगळं लिहिलं, चांगलं दोन पानी, आणि विषय दिला 'पुस्तकातील सदोष भाषा'. उत्तर वर सांगितलंच. सोबत एक फॉर्म आला, त्यात दोषाचे रकाने : पाने फाटलेली, पाने कोरी, पाने उलटसुलट बांधलेली, छपाई अस्पष्ट. 'इतर'ला अर्धी ओळ. त्या अर्ध्या ओळीत मी 'पान ४१, ५८, ६३ वर एकच शब्द तीन अर्थांनी' असं कोंबलं.

त्यावर त्यांनी काय केलं असेल? नवीन प्रत पाठवली. कुरिअरने, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सोबत 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' अशी चिठ्ठी. मी पान ६३ उघडलं. तेच वाक्य, त्याच जागी. आता माझ्याकडे दोन पुस्तकं होती आणि दोन्हींत दांडा ३२ चा होत होता.

फोन केला तर विक्री विभागातले गृहस्थ अगदी अदबीने बोलले. "मॅडम, प्रत मिळाली ना? मग तक्रार निकाली निघाली." मी म्हटलं, अहो, दोष प्रतीत नाही, मजकुरात आहे. "मजकूर लेखकाचा असतो, मॅडम." मग लेखकांचा पत्ता द्या. "तो देता येत नाही." बरं, मग छापलं कोणी? यावर थोडा वेळ शांतता, आणि मग, "आम्ही शासनमान्य परिभाषा वापरतो." हे शेवटचं अस्त्र बहुतेक प्रत्येकाला मिळतं, म्हणून त्याबद्दल सांगते. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, यंत्र अभियांत्रिकीचाही आहे, आणि ते काम मोठं आहे यात वाद नाही. पण कोश तुम्हाला शब्द देतो. तोच शब्द पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत त्याच अर्थाने वापरणं हे संपादकाचं काम, त्याची जबाबदारी कोशावर ढकलता येत नाही. मी त्यांना एवढंच म्हटलं की तुम्ही फीडला काहीही म्हणा, पण तेच नाव हत्यार आत जाण्याला देऊ नका. त्यांनी पुन्हा फॉर्म पाठवतो म्हणून सांगितलं.

तेव्हा चिडून बसले आणि वहीत दोन याद्या केल्या. एकीकडे 'एक वस्तू, अनेक नावं', दुसरीकडे 'एक नाव, अनेक वस्तू'. पहिल्या यादीत टेलस्टॉकसारखे शब्द गेले. वाचणारा वैतागतो, आकृतीकडे बघतो, पुढे जातो. दुसऱ्या यादीत दोनच शब्द आले, पण दोन्ही घातक. एक 'काप'. दुसरा 'सरकदांडा', जो फीड रॉडलाही वापरला होता आणि लीड स्क्रूलाही. लेथवर काम केलेल्या माणसाला यातली अडचण लगेच कळेल. साधं टर्निंग फीड रॉडवर चालतं. लीड स्क्रू हाफ नट लावून आटे पाडण्यासाठी वापरायचा, कारण तिथे जॉबचा एक फेरा आणि हत्यार घेऊन सरकणाऱ्या कॅरेजची सरक यांचं प्रमाण काटेकोर राहावं लागतं. 'सरकदांडा जोडा' एवढंच वाचून मुलगा कुठला लिव्हर ओढेल? बहुतेक मशिनींत दोन्ही एकदम लागू नयेत अशी अडकण असते, पण चुकीचा एकटा लागायला ती आड येत नाही. आणि रोजच्या टर्निंगला लीड स्क्रू वापरला की त्याचे आटे झिजतात, पुढे तुम्ही पाडलेला प्रत्येक आटा तेवढा बिघडतो.

दुसरं पत्र या दोनच शब्दांवर लिहिलं. टेलस्टॉक मुद्दाम वगळला, नाहीतर त्यांनी उत्तर टेलस्टॉकलाच दिलं असतं. विषय : 'पान ६३ वरील सूचनेप्रमाणे काम केल्यास जॉब ४ मिमी कमी व्यासाचा होतो.' मजकूर साधारण असा :

'महोदय, पान ४१ वरील व्याख्येनुसार काप म्हणजे हत्यार आत शिरण्याचे अंतर. ही व्याख्या धरून पान ६३ वरील सराव केल्यास ४० मिमीचा दांडा ३६ ऐवजी ३२ मिमी होतो. पान ५८ वर हाच शब्द फीडसाठी आहे. तिन्ही पानांच्या छायाप्रती, संबंधित ओळींवर खूण करून, सोबत जोडल्या आहेत. बदली प्रतीत हाच मजकूर असल्याने प्रत बदलून दोष जात नाही. कृपया या तीन पानांचे व सरकदांडा या शब्दाचे शुद्धिपत्र द्यावे, अथवा दोन्ही प्रती परत घेऊन किंमत परत करावी.'

एवढंच. पानभरही नाही. मागणी दोन पर्यायांची ठेवली, त्यामुळे 'नोंद घेतली' हे उत्तर बसेना. पत्र विक्री विभागाला नाही, संपादकांना पाठवलं. त्यांचं नाव पुस्तकाच्या सुरुवातीच्या त्या बारीक अक्षरांच्या पानावर असतं, जे कोणी वाचत नाही. स्पीड पोस्टने पाठवा, पोचल्याचं ऑनलाइन दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. त्याच बारीक अक्षरांच्या पानावरून आवृत्ती आणि पुनर्मुद्रणाचं वर्षही पत्रात लिहा. पुनर्मुद्रणात पानं सरकली असली तर ते 'आमच्या पान ६३ वर असं काही नाही' म्हणायला मोकळे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा उल्लेख मी यातही केला नाही. पहिल्याच झटक्यात कायदा काढला की पत्र संपादकाच्या टेबलावरून वकिलाच्या टेबलावर जातं, आणि वकिलाला लेथ येत नाही. पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करावी लागते हे ध्यानात ठेवून बिल फाइलला लावलं होतं. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. माझ्यावर ती वेळ आली नाही.

संपादकांचा फोन आला. बाई होत्या. पहिलं वाक्य, "तुमचं ३२ मी स्वतः आकृती काढून पाहिलं." मला इतकं बरं वाटलं की तयार ठेवलेलं सगळं भांडण विसरले. कळलं ते असं : पुस्तकाची प्रकरणं तीन जणांनी लिहिलेली, प्रत्येकाचे शब्द आपापले, आणि शेवटी कोणीतरी बसून 'सुसूत्रता' आणताना वेगवेगळे शब्द दिसतील तिथे एकच शब्द घातला. फीड, खोली, घट, सगळ्यांचा 'काप' झाला तो असा. टेलस्टॉक मात्र त्या हातातून सुटला!

शुद्धिपत्र आलं. एक चिटोरं, पान ६३ वर चिकटवण्याजोगं : 'काप' फक्त आत शिरण्यासाठी, लांबीच्या सरकेला 'फीड', आणि सरावात 'हत्यार एकूण २ मिमी आत घ्यावे, डायल व्यास दाखवत असल्यास ४'. लीड स्क्रूला लीड स्क्रूच म्हटलंय. न विकल्या गेलेल्या प्रतींतही हे चिटोरं घालू असं त्या म्हणाल्या. आधी विकलेल्या प्रतींचं काय, याला उत्तर मिळालं नाही. म्हणून ज्यांच्याकडे लेथचं असं मराठी पुस्तक असेल त्यांनी 'काप' हा शब्द जिथे जिथे आला असेल तिथे पेन्सिलीने बाजूला लिहून ठेवा : आत, लांबीत की व्यास. आमच्या दोन्ही प्रतींत मुलांनी ते केलंय, आणि पान ७७ वर आणखी एक सापडलाय. तिसरं पत्र आज टाकते.